सायनस रिदम, बॉर्डरलाइन, नॉनस्पेसिफिक: एका काकूंच्या ईसीजीची पूर्ण केस

पार्श्वभूमी

मी तालुक्याच्या गावात एका छोट्या हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढते, चौदा वर्षं झाली. ही केस आमच्याच गल्लीतल्या काकूंची. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटू नये म्हणून एकदोन बारीक गोष्टी बदलल्यात.

काकूंचं वय ५८. बीपी नऊ वर्षांपासून, शुगर नाही. पित्ताशयात खडे निघाले, दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं, गुरुवारची तारीख मिळाली. त्याआधी फिटनेस हवा म्हणून सोमवारी सकाळी आमच्याकडे आल्या. रक्त दिलं, छातीचा एक्सरे झाला आणि ईसीजी मी काढला. रक्ताच्या यादीत हिमोग्लोबिन, शुगर, क्रिएटिनिन असं नेहमीचंच होतं, सोडियम-पोटॅशियम नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मशीनने पट्टी काढली आणि वर नेहमीसारखा मजकूर छापला. फिजिशियन आमच्याकडे बुधवारी येतात, त्यामुळे तोपर्यंत कागद काकूंच्याच पिशवीत गेला.

अडचण

संध्याकाळी सातला काकूंचा फोन. "अगं, मला सायनसचा त्रास आहे हे त्या मशीनला कसं कळलं गं? सर्दी तर महिनाभर नाहीये मला."

मी हसले, पण चूक त्यांची नाही हो. आपल्याकडे सायनस म्हटलं की नाक, कपाळ आणि वाफ घेणं हेच आठवतं. मी सांगितलं की हा नाकाचा सायनस नाही, हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाची एक जागा असते, ठोक्याची सुरुवात तिथून होते, ती तिथूनच होतेय एवढंच मशीन म्हणतंय. काकू खूश. पण दहा मिनिटांत त्यांच्या पुण्यातल्या मुलाचा फोन आला, त्याला कागदाचा फोटो गेला होता आणि त्याने एकेक शब्द टाकून शोधून वाचायला सुरुवात केली होती. "ताई, अ‍ॅबनॉर्मलिटी लिहिलंय. टी वेव्हची. ब्लॉकेज आहे का?"

कागदावर वरच्या कोपऱ्यात असं होतं:

```
Vent. rate   78 bpm
PR int       152 ms
QRS dur      86 ms
QT/QTc       406/463 ms
Sinus rhythm
Nonspecific T wave abnormality
Borderline ECG
Unconfirmed report
```

आणि मी काय म्हणाले? "अरे काही नाही, बॉर्डरलाइन आहे, दहातल्या चार जणांचं असंच येतं." दहातले चार हा आकडा मी हवेतून काढला होता. या वाक्याकडे शेवटी परत येणार आहे.

त्या चार ओळी नेमकं काय सांगतात

सायनस रिदम ही ओळ फक्त ठोका कुठून निघतो ते सांगते. मशीन पी वेव्ह शोधतं, म्हणजे मोठ्या टोकाच्या आधी येणारा छोटा गोल उंचवटा. ईसीजीत हृदयाकडे बारा बाजूंनी बघतात, त्या प्रत्येक बाजूला लीड म्हणतात. तो उंचवटा लीड टू मध्ये वर आहे का, एव्हीआर नावाच्या लीडमध्ये खाली आहे का, आणि प्रत्येक मोठ्या टोकाच्या आधी ठराविक अंतरावर येतोय का ते बघतं. सगळं जुळलं की सायनस रिदम छापतं. वेग ६० ते १०० मध्ये असला तर बरीच मशीन आधी नॉर्मल शब्द लावतात, कमी असला की ब्रॅडीकार्डिया आणि जास्त असला की टॅकीकार्डिया. पण रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत की अडल्यात याबद्दल ही ओळ एक अक्षरही बोलत नाही. हार्ट अटॅक चालू असलेल्या माणसाच्या पट्टीवरसुद्धा पहिली ओळ सायनस रिदम असू शकते, बहुतेक वेळा असतेच. म्हणून "रिदम तर सायनस आहे ना, मग सगळं ठीक" हे पण चूक.

बॉर्डरलाइन ईसीजी हा वेगळा आजार नाही, तो मशीनने लावलेला शेरा आहे. मशीनच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वाक्याला आधीच एक दर्जा ठरवून दिलेला असतो, नॉर्मल, बॉर्डरलाइन, अ‍ॅबनॉर्मल असा. पट्टीवर जितकी वाक्यं निघतात त्यातलं सगळ्यात गंभीर वाक्य ज्या दर्जाचं, तोच शेरा शेवटी येतो. म्हणजे काकूंच्या कागदावर दोन वेगळ्या तक्रारी नव्हत्याच, टी वेव्हच्या वाक्यामुळेच बॉर्डरलाइन आलं होतं. मुलाने ते दोन आजार मोजले होते.

आता नॉनस्पेसिफिक. खरा घोळ इथे आहे. लोक याचा अर्थ "विशेष काही नाही" असा घेतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही टेक्निशियन पण घेतो. पण त्याचा अर्थ आहे की बदल दिसतोय, आणि नुसत्या आकारावरून कारण सांगता येत नाही. टी वेव्ह म्हणजे मोठ्या टोकानंतर येणारा मऊ डोंगर, ठोका देऊन झाल्यावर हृदयाचा स्नायू पुन्हा तयार होतो त्याची ती खूण. हा डोंगर कशानेही बसतो. क्षार कमी झाले, बीपीने स्नायू जाड झाला, थायरॉइड, अ‍ॅनिमिया, काही औषधं, घाबरून भराभर श्वास घेतला, कधी नुसतं भरल्या पोटी काढलं तरी. आणि हो, हृदयाला रक्त कमी पडत असेल तरीही. ताप आलाय म्हटल्यावर कशाचा ते थर्मामीटर सांगत नाही, तसंच.

काकूंच्या व्ही फाइव्ह मध्ये, म्हणजे छातीच्या डाव्या बाजूच्या एका लीडमध्ये, मोठं टोक १४ छोटे चौकोन उंच होतं आणि टी जेमतेम एक चौकोन. टी हा टोकाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा लहान झाला तर तो बसका समजायचा, अशी एक ढोबळ पद्धत आहे. १४ चा दहावा हिस्सा १.४, म्हणजे हा बसकाच. मशीन खोटं बोलत नव्हतं.

अनकन्फर्म्ड म्हणजे अजून कुठल्या डॉक्टरने पट्टी बघून सही केलेली नाही. मशीनला फक्त रेषा दिसतात, शिवाय मी टाइप केलेलं वय आणि स्त्री की पुरुष एवढंच. काकूंना काय होतंय, कुठली गोळी चालू आहे, जुनी पट्टी कशी होती, यातलं त्याला काहीच माहीत नसतं.

समोरचे पर्याय

सोमवारी रात्री घरात तीन मतं झाली.

काकांचं म्हणणं, विषय बंद करा, गुरुवारी ऑपरेशन करून टाका, भूलवाले डॉक्टर बघतीलच की. यात एक गोष्ट खरी आहे, भूल देणारे डॉक्टर ईसीजी बघतातच. पण ते बघणार गुरुवारी सकाळी, काकू उपाशीपोटी गाऊन घालून बसल्यावर, आणि तेव्हा काही निघालं तर ऑपरेशन रद्द करून सगळी वरात घरी.

मुलाचं म्हणणं, काकूंना उचलून थेट पुण्याला न्यायचं, एखादं हार्टचं पॅकेज घ्यायचं, टीएमटी, गरज पडली तर अँजिओग्राफी. काळजी समजते, पण टीएमटीत माणसाला पट्ट्यावर चालवून रेषेत काय बदल होतो ते बघतात, आणि रेषा आधीच बदललेली असली की ते वाचणंच अवघड होतं. अँजिओग्राफीला तर कारण लागतं, नुसता बसका टी पुरत नाही.

तिसरं मत काकूंच्या जावेचं, तिचा भाऊ कुठेतरी कंपाउंडर आहे. ती म्हणाली बुधवारपर्यंत थांबा, पण बुधवारी जाताना सगळे जुने कागद आणि सगळ्या गोळ्या घेऊन जा. घरात या मताला सगळ्यात कमी भाव मिळाला, आणि शेवटी झालं तेच.

इथे एक निर्णय या तिन्हींच्या आधी घ्यायला हवा होता आणि तो आम्ही कुणीच नीट घेतला नाही. थांबायचं की आत्ता उठून जायचं हे कागदावरून ठरत नाही, त्रासावरून ठरतं. छातीत दाब, धाप, दरदरून घाम, जबडा किंवा हात दुखणं, चक्कर येऊन पडणं, धडधड यातलं काही असतं तर कागदावर ठळक अक्षरात नॉर्मल ईसीजी छापलेलं असलं तरी त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठायला हवं. अटॅकच्या सुरुवातीच्या पट्ट्या नॉर्मल येऊ शकतात, म्हणून तर तिथे परत परत ईसीजी काढतात आणि ट्रोपोनिनसाठी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं त्या पदार्थासाठी, रक्तही काही तासांनी परत घेतात. आणि काकूंच्या बाबतीत एक गुंता होताच. त्यांना पोटाच्या वरच्या भागात दुखायचं, खड्यांमुळे. हृदयाच्या खालच्या बाजूचं दुखणं पण तिथेच, अ‍ॅसिडिटीसारखं जाणवू शकतं, बायकांमध्ये तर विशेष. म्हणजे "पोटात दुखतं, ते खड्यांचं आहे" हे आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं.

काय केलं

मंगळवार असाच गेला. बुधवारी काकू, काका आणि रात्रीच्या गाडीने आलेला मुलगा असे तिघं आले.

फिजिशियननी पट्टी हातात घेतली आणि मशीनचा मजकूर होता त्या कोपऱ्यावर चक्क अंगठा ठेवला. हे ते नेहमी करतात, आधी रेषा वाचायच्या, मग मशीन काय म्हणतं ते बघायचं. मग पट्टी बाजूला ठेवून दुखण्याबद्दल विचारलं. कधी दुखतं? तेलकट खाल्ल्यावर, लग्नातल्या जेवणानंतर तर हमखास. कुठे जातं? उजवीकडे, पाठीत. किती वेळ? तासभर तरी. चालल्यावर, जिना चढल्यावर? "जिना चढते की, दोन मजले पाण्याची कळशी घेऊन, काही होत नाही." हे उत्तर मला वाटतं सगळ्यात मोलाचं होतं. मेहनतीने दुखणं येत नाही आणि जेवणाने येतं, म्हणजे खड्यांकडे बोट जातं. शंभर टक्के नाही, पण जातं.

मग जुना ईसीजी मागितला. तीन वर्षांपूर्वी बचत गटाच्या शिबिरात काढलेला काकूंनी जपून ठेवला होता, पण प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वर. ईसीजीचा कागद थर्मल असतो, उष्णतेने आणि प्लास्टिकने उडतो. रेषा चहासारख्या फिकट झाल्या होत्या. खिडकीशी धरून मी आणि डॉक्टरांनी चौकोन मोजले, व्ही फाइव्हचा टी चार चौकोन उंच. म्हणजे हा बदल जुना नाही, मधल्या तीन वर्षांत कधीतरी झालेला. इथून पुढे "असेल त्यांचं तसंच" हे म्हणायची सोय उरली नाही.

मग ईसीजी परत काढला, या वेळी डॉक्टर शेजारी उभे. स्तनांमुळे बायकांच्या छातीवरचे इलेक्ट्रोड वर सरकतात, व्ही वन आणि व्ही टू बरगड्यांच्या चौथ्या फटीऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लागले तर मशीन जुन्या अटॅकचं वाक्यसुद्धा छापतं. मी सोमवारी नीट लावले होते, पण खात्री करायला हवीच. फट मोजून लावले, काकूंना पाच मिनिटं शांत पडू दिलं. टी तसाच बसका. आणि या वेळी डॉक्टरांनी पेनाचं टोक व्ही टू, व्ही थ्री वर ठेवलं. टी नंतर आणखी एक बारीक टेकडी होती. यू वेव्ह, पोटॅशियम कमी झालं की ती उठून दिसते. मशीनने तिचा उल्लेखही केला नव्हता, उलट ती टी ला चिकटलेली असल्यामुळे क्यूटीचं माप, म्हणजे मोठ्या टोकाच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचा वेळ, थोडं ताणलं गेलं असावं, बायकांमध्ये क्यूटीसी, म्हणजे ठोक्याच्या वेगाचा हिशेब धरून काढलेलं क्यूटी, साधारण ४६० पर्यंत चालतं, तिथे ४६३ आलं होतं.

"गोळ्या दाखवा."

काकूंनी पिशवी उलटी केली. बीपीची गोळी दीड महिन्यापूर्वी बदललेली. पाय सुजतात म्हणून आधीची बंद करून क्लोरथॅलिडोन असलेली दिलेली, आपण लघवीची गोळी म्हणतो तिच्यातलीच. पाण्याबरोबर ती पोटॅशियमही बाहेर काढते. मग विचारल्यावर कळलं की दहा दिवसांपूर्वी तीन दिवस जुलाब झाले होते, लग्नाहून आल्यावर. आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, हातपाय गळून जातात, "वय झालं आता."

पोटॅशियम तातडीने पाठवलं, सोबत मॅग्नेशियम, कारण ते कमी असेल तर पोटॅशियम भरून येत नाही. संध्याकाळी रिपोर्ट आला. पोटॅशियम २.९. साधारण ३.५ ते ५ हवं. मॅग्नेशियम ठीक होतं.

निकाल

काकूंना एक रात्र मॉनिटरला लावून ठेवलं. लघवीची गोळी थांबवून बीपीसाठी दुसरी दिली, पोटॅशियमचं सिरप पाण्यात मिसळून सुरू झालं (चव भयंकर, काकूंच्या शब्दात "समुद्राचं पाणी पाजताय"). मुलाने विचारलं, नारळपाणी दिलं तर? डॉक्टर म्हणाले द्या, पण २.९ त्याने भरून येणार नाही. आणि हे सिरप स्वतःच्या मनाने दुकानातून आणून कुणी घेऊ नये, किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम वर जातं आणि ते वर जाणं जास्त धोक्याचं.

गुरुवारचं ऑपरेशन पुढे ढकललं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून कळवलं, उलटीवर दिलं जाणारं ओंडान्सेट्रॉन सध्या नको असंही सांगितलं, कारण ते क्यूटी आणखी लांबवतं. शनिवारी पोटॅशियम ३.४, मंगळवारी ४.१. मंगळवारी ईसीजी परत मीच काढला. व्ही फाइव्हचा टी साडेतीन चौकोन, यू ची टेकडी गायब, क्यूटीसी ४२७, आणि मजकूर सायनस रिदम, नॉर्मल ईसीजी. बीपी जुनं म्हणून टूडी इको पण केला, तो नॉर्मल आला. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी काकू घरी.

मुलगा म्हणाला, म्हणजे मशीन उगाच घाबरवत होतं ना? नाही रे बाबा. मशीनने जे बघितलं ते बरोबर होतं, त्याला पुढचं सांगता येत नव्हतं इतकंच. हाच टी, हाच मजकूर दुसऱ्या एखाद्या माणसाच्या पट्टीवर आला असता, ज्याला जिना चढताना छाती भरून येते आणि शुगर आहे, तर रस्ता पूर्ण वेगळा निघाला असता. आणि तिसऱ्या एखाद्याचा दहा वर्षांपूर्वीचा टी पण तसाच बसका निघाला असता, तर बहुतेक काहीच करावं लागलं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं माझंच. "काही नाही, बॉर्डरलाइन आहे" हे मला म्हणायचा अधिकारच नव्हता. मी टेक्निशियन आहे, पट्टी वाचून शेरा देणं माझं काम नाही, धीर देण्याच्या नादात मी तो दिला. त्यामुळे मंगळवार वाया गेला. मंगळवारी सकाळी फिजिशियनना फोटो पाठवला असता तर त्यांनी पोटॅशियम तेव्हाच सांगितलं असतं. २.९ वर काकू एक दिवस जास्त राहिल्या, तीच लघवीची गोळी रोज घेत. काही झालं नाही हे नशीब, त्या दिवशी पुन्हा जुलाब लागले असते तर आकडा आणखी खाली गेला असता आणि तिथे ठोके बिघडायची भीती असते.

दुसरं, सोमवारी ईसीजी काढताना मी गोळ्या विचारल्या नाहीत. आता विचारते. आमच्या फॉर्मवर बीपी आहे का असा रकाना आहे, कुठली गोळी असा नाही, मी पेनाने कोपऱ्यात लिहिते. लघवीची गोळी आणि गेल्या पंधरा दिवसांत उलटी-जुलाब, एवढ्या दोन गोष्टी.

ऑपरेशनच्या तपासण्यांच्या यादीवर पण बोलणं झालं. सगळ्यांचं पोटॅशियम करा असं सर्जन म्हणत नाहीत आणि मला ते पटतं, उगाच बिल वाढतं. पण लघवीची गोळी घेणाऱ्यांचं तरी करायचं असं आता आमच्याकडे ठरलंय. बीपीची गोळी बदलल्यावर दोन-चार आठवड्यांनी एकदा क्षार बघायला हवे होते, ते राहून गेलं. ज्यांनी गोळी बदलली त्यांनी सांगितलं नाही की काकूंनी ऐकलं नाही, हे मला आजही नक्की कळलेलं नाही, दोघांचं म्हणणं वेगळं आहे.

एका गोष्टीवर माझं आणि मुलाचं अजून पटत नाही. त्याचं म्हणणं, असा मजकूर पेशंटच्या हातात द्यायचाच नाही, डॉक्टरची सही झाल्यावरच कागद द्यायचा. मोठ्या ठिकाणी ते जमत असेल. आमच्याकडे फिजिशियन आठवड्यातून एकदा येतात, कागद अडवून ठेवला आणि पेशंटला रात्री त्रास झाला तर दुसऱ्या हॉस्पिटलला तुलना करायला हातात काहीच नाही. जुन्या पट्टीमुळेच तर इथे सगळं उलगडलं. मी आता कागद देते, पण अनकन्फर्म्ड या शब्दाखाली पेनाने रेघ मारून देते आणि डॉक्टर कधी बघणार तो वार लिहिते.

काकूंनी चारही पट्ट्यांच्या साध्या झेरॉक्स काढल्यात. शिबिरातली मूळ पट्टी तोपर्यंत इतकी उडाली होती की झेरॉक्सवाल्याला शाई दोनदा वाढवावी लागली.